धाकट्या भावंडाला धीराचं पत्र : घाईतल्या मेसेजचं पानभर पत्र कसं करायचं

जून-जुलैमध्ये प्रवेशाच्या याद्या लागतात आणि कितीतरी घरांतलं शेंडेफळ बॅग भरून पुणं, मुंबई, नागपूर नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठतं. मोठी बहीण किंवा भाऊ त्या दिवशी व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज टाकतात. मेसेज मनापासून लिहिलेला असतो, पण बसची चौकशी, आईचे निरोप, सूचना आणि माया एकाच दमात येऊन पडतात. वाचणारा 'हो ताई' म्हणतो आणि पुढच्या मेसेजकडे वळतो.

त्याच मेसेजमधून जपून ठेवावंसं वाटेल असं पत्र तयार करता येतं. नवं काही सुचावं लागत नाही, कारण लागणारा बहुतेक ऐवज मेसेजमध्येच असतो. फक्त काय ठेवायचं, काय काढायचं आणि ठेवलेलं कसं खुलवायचं हे कळलं पाहिजे. पत्र लिहायची सवय नसलेल्यांसाठी ते सगळं एका उदाहरणावरून दाखवतो.

उदाहरणातला सोनू उदगीरचा आहे. बारावी करून पुण्याला बीएस्सीला गेलाय आणि कॉट बेसिसवर राहतो. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. तिचं शिक्षण नांदेडला हॉस्टेलवर राहून झालं आणि आता ती लातूरला नोकरी करते. सोनू पोचला त्या दिवशी तिनं टाकलेला मेसेज असा :

"सोनू पोचलास का? रूम बरी आहे ना? टेन्शन नको घेऊ सगळं भारी होईल. जेवण वेळेवर कर. आईला रोज फोन कर नाहीतर ती रडत बसते. पहिल्या दिवसापासून अभ्यास कर, टाइमपास नको. चांगले मित्र बघून कर. बाबांनी किती खर्च केलाय माहितीये ना. रॅगिंग बिगिंग झालं तर लगेच सांग. पैसे लागले तर मला सांग आईबाबांना नको. मला पण नांदेडला पहिल्या महिन्यात लई रडू यायचं. तू हुशार आहेस, जमतंय तुला. चल बाय, काळजी घे!"

पहिली पायरी : मेसेज कागदावर उतरवा आणि खुणा करा

मेसेज फोनवर वाचताना त्याचं वजन कळत नाही. वहीच्या पानावर एका ओळीत एक वाक्य असा उतरवून काढा आणि प्रत्येक ओळीपुढे ती काय आहे ते लिहा : प्रश्न, आज्ञा, धीर की स्वतःबद्दलची गोष्ट.

ताईच्या मेसेजमध्ये नऊ आज्ञा निघतात. टेन्शन घेऊ नको, जेव, फोन कर, अभ्यास कर, टाइमपास करू नको, मित्र बघून कर, रॅगिंग झालं तर सांग, पैसे लागले तर सांग, काळजी घे. प्रश्न तीन आहेत आणि त्यातला 'माहितीये ना' हा खरा प्रश्नच नाही. धीराची वाक्यं तीन आणि तिन्ही अशी, की कुणीही कुणालाही म्हणावीत. स्वतःबद्दलचं वाक्य एकच : नांदेडला मला पण रडू यायचं.

ही मोजणी जरूर करा. आपण धीर द्यायला बसलो होतो आणि प्रत्यक्षात सूचनांची यादी दिली, हे त्याशिवाय पटत नाही. शिवाय कुठलं वाक्य दुसऱ्या कुणालाच लिहिता आलं नसतं, तेही लगेच दिसतं. 'जेवण वेळेवर कर' हे आई, आत्या, मामा, शेजारच्या काकू, सगळे सांगून चुकलेत. नांदेडचं रडू मात्र फक्त ताईला ठाऊक आहे आणि बहुधा तिनं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पत्र त्या वाक्याभोवती उभं राहील. तुमच्या मेसेजमध्ये असं वाक्य सापडलं नाही तर मेसेज बाजूला ठेवा आणि त्याच्या वयाचे असताना तुम्ही काय लपवलं होतं ते आठवा. तिथं हमखास सापडतं.

दुसरी पायरी : फोनचं फोनवर ठेवा

'पोचलास का' आणि 'रूम बरी आहे ना' यांची उत्तरं आज हवीत. ती फोनवर विचारून घ्या. पत्र पुन्हा वाचायचं असतं आणि चार महिन्यांनी 'पोचलास का' वाचण्यात काही अर्थ नाही.

रॅगिंगबद्दलही तेच, पण वेगळ्या कारणानं. ती माहिती त्याच्याकडे असायलाच हवी. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे आहेत आणि देशभरासाठी १८००-१८०-५५२२ ही चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन आहे. हे सगळं वेगळ्या मेसेजमध्ये पाठवा आणि नंबर सेव्ह करायला सांगा. नंबर बोट लावून लागेल अशा जागी हवा, कपाटातल्या पाकिटात नको. आणि मायेच्या दोन परिच्छेदांच्या मधोमध रॅगिंग आलं की वाचणाऱ्याच्या मनात बाकी सगळं पुसून तेवढंच उरतं.

आता जे पूर्ण काढायचं ते. 'बाबांनी किती खर्च केलाय माहितीये ना.' हे वाक्य पत्रात कुठल्याही रूपात नको. मोठं भावंड ते जबाबदारीची जाणीव म्हणून लिहितं, पण धाकट्याला त्याचा हिशेब वेगळा लागतो. पहिल्या चाचणीत मार्क कमी पडले की पहिला विचार 'पैसे वाया घालवले' हाच येतो, आणि मग तो मार्क घरी सांगत नाही. डिपॉझिटला, फीला किती पैसे गेले हे त्याला माहीतच असतं, कारण बहुतेक वेळा तो काउंटरवर वडिलांच्या शेजारीच उभा असतो.

'आईला रोज फोन कर नाहीतर ती रडत बसते' यातला फोन ठीक आहे, पण आईच्या रडण्याचा भार त्याच्यावर टाकू नका. तसा टाकला की फोन करणं हे आईला गप्प बसवण्याचं काम होतं आणि मुलगा फोनवर खरं बोलत नाही. 'आईबाबांना नको' हे दोन शब्दही काढा. पैशाची मदत करायची असेल तर जरूर करा. पण घरच्यांपासून लपवायची सवय आपण लेखी शिकवायला नको, आणि पत्र पुढेमागे आईच्या हाती पडणारच आहे.

तिसरी पायरी : 'हुशार आहेस' याच्या जागी एक घडलेली गोष्ट

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. 'तू हुशार आहेस, जमतंय तुला' हे वाक्य लिहिताना छान वाटतं, पण टिकत नाही. बारावीला वर्गात पहिला आलेला मुलगा पुण्याच्या वर्गात जातो तेव्हा आजूबाजूला सगळे आपापल्या गावचे पहिले आलेलेच असतात. पहिल्या इंटर्नलला मार्क कमी आले की ताईचं वाक्य खोटं ठरतं, निदान त्याला तसं वाटतं. मग ते पत्र पुन्हा काढून वाचायची इच्छाच राहत नाही.

म्हणून हुशारीचं कौतुक टाळा आणि त्यानं पूर्वी केलेली एखादी गोष्ट आठवून लिहा. गोष्ट निवडताना दोन गोष्टी पाहा. एक, त्यात सुरुवातीला त्याला जमत नव्हतं आणि नंतर जमलं असं असावं. दुसरं, त्यानं ते कशाच्या जोरावर जमवलं हे दिसावं, आणि ती खोड नव्या शहरात उपयोगी पडणारी असावी. बक्षिसं, ट्रॉफ्या, टक्केवारी यांत हे सहसा सापडत नाही. घरातल्या अडचणीच्या दिवसांत सापडतं.

ताईला आठवलं ते असं. सोनू आठवीत असताना आई तीन दिवस दवाखान्यात होती, बाबा तिच्यापाशी आणि ताई परीक्षेसाठी नांदेडला. घरात सोनू आणि आजी. आजीच्या हाताला कंप, म्हणून स्वयंपाक सोनूवर आला. पहिल्या दिवशी त्यानं उकळत्या पाण्यात कोरडं बेसन टाकलं आणि पिठल्याच्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या काकूंकडे जाऊन विचारून आला, की बेसन आधी गार पाण्यात कालवायचं का. तिसऱ्या दिवशी आजीनं पिठलं दुसऱ्यांदा मागून घेतलं.

या आठवणीत 'हुशार' हा शब्द कुठेच नाही, पण मुलगा दिसतो. त्याची खोडही दिसते : येत नाही ते तो जाऊन विचारतो, लाजत नाही. नव्या शहरात पहिल्या सहा महिन्यांत याच्याइतकी कामाची दुसरी गोष्ट नाही. इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून गेलं तर विचारावं लागतं, पीएमपीची कुठली बस कुठं जाते हे विचारावं लागतं, प्रॅक्टिकलची जर्नल कशी लिहायची तेही सीनियरला विचारावं लागतं. पत्रात ही आठवण आणि तिचा आजच्या दिवसांशी असलेला धागा, दोन्ही लिहा. नुसती आठवण लिहिली तर ती गोड गोष्ट होऊन राहते.

आठवण जशी घडली तशीच लिहा. गुठळ्या झाल्या होत्या तर गुठळ्या लिहा. वाचणारा स्वतः तिथं होता, त्यामुळे वाढवून लिहिलेलं त्याला लगेच ओळखू येतं.

चौथी पायरी : अवघड काय जाईल ते खरं सांगा

'सगळं भारी होईल' हे वचन आपल्या हातात नाही. ते न झाल्यावर मुलाला वाटतं की भारी व्हायला हवं होतं, माझंच काहीतरी चुकतंय. त्यापेक्षा अवघड जाणारी वेळ आधीच नाव घेऊन सांगितली तर ती आल्यावर तो घाबरत नाही.

इथं नेमकेपणा लागतो. 'एकटं वाटेल' हे फार मोघम झालं. घर सोडून शिकलेल्या कुणालाही विचारा, एकटेपणाची वेळ ठरलेली असते आणि बऱ्याच जणांसाठी ती रविवारची संध्याकाळ असते. पुण्यात, नांदेडमध्ये, सगळीकडे बहुतेक मेसला रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री सुट्टी. जवळच्या गावांतली मुलं शनिवारीच घरी गेलेली असतात. खोलीत शांतता, दोरीवर वाळणारे कपडे, आणि जेवायला बाहेर जायचं तर कुणाबरोबर हा प्रश्न. ताईला नांदेडला रडू यायचं ते याच वेळी. 'लई रडू यायचं' या वाक्यात रविवार, बंद मेस आणि रिकामी खोली आली की सोनूला ते आपल्या खोलीत दिसतं.

मात्र स्वतःची गोष्ट आटोपशीर ठेवा. सात-आठ वाक्यांच्या वर गेली की पत्र तुमच्याबद्दलचं होतं. आणि त्या अवघड वेळेतून तुम्ही कशा बाहेर आलात ते एका छोट्या कृतीतून सांगा. 'हळूहळू सवय झाली' म्हणून सोडून देऊ नका, कारण त्यात त्यानं धरावं असं काही नाही. ताईनं समोरच्या खोलीतल्या मुलीला विचारलं होतं, रविवारी जेवायला कुठं जातेस. एवढं पुरतं. विचारण्याचा धागा सोनूच्या पिठल्याशी आपोआप जुळतो आणि पत्राला एक सूत मिळतं.

पत्राची मर्यादाही ध्यानात असू द्या. रविवारी उदास वाटणं वेगळं आणि आठवडेच्या आठवडे झोप न लागणं, जेवण सुटणं, खोलीबाहेर न पडणं, फोन न उचलणं वेगळं. दुसरं दिसलं तर पत्रावर विसंबू नका, जाऊन भेटा. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र असते आणि मराठीतही बोलता येतं.

पाचवी पायरी : आज्ञा कमी करा, स्वतः काय करणार ते लिहा

नऊ आज्ञांपैकी कुठल्या ठेवायच्या? मला विचाराल तर एक, फार तर दोन. बाकीच्यांचं काय करायचं त्याची सोपी युक्ती आहे. प्रत्येक आज्ञेपुढे स्वतःला विचारा : यातलं मी काय करू शकते? 'आईला रोज फोन कर' याचं 'मी दर रविवारी रात्री नऊला फोन करीन' असं होतं. 'पैसे लागले तर सांग' याचं 'कळव, कशाला लागले ते विचारणार नाही' असं होतं. ज्या आज्ञेचं असं काही होत नाही, उदाहरणार्थ 'चांगले मित्र बघून कर', ती सोडून द्या. अठरा वर्षांच्या मुलाला मित्र कसे निवडायचे हे पत्रानं कळत नाही.

वचन द्याल ते पाळता येईल इतकंच द्या. रोज फोन करीन लिहून चौथ्या दिवशी विसरलात तर पत्रातलं बाकीचंही हलकं होतं. आणि त्याला मोकळीक ठेवा. रविवारी नऊला तो मित्रांबरोबर बाहेर असेल तर ती चांगली बातमी आहे, तसं लिहूनही टाका.

आपल्याला माहीत नसलेल्या शहराबद्दल सल्ले देऊ नका. ताई पुण्यात राहिलेली नाही. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं मिळतात हे तिनं ऐकलेलं असेल, पण तीन आठवड्यांत सोनूला तिच्याहून जास्त पुणं कळलेलं आहे. तिनं त्यालाच विचारावं. मोठ्या बहिणीला आपल्याकडून काही कळतंय, याचा त्या वयात मोठा आधार वाटतो. प्रश्न एकच विचारा आणि तो अभ्यासाचा नसू द्या.

सहावी पायरी : मायना, भाषा, लांबी

जुन्या पद्धतीत धाकट्यांना 'चि. अमुक यास अनेक उत्तम आशीर्वाद' असा मायना असतो. आजी-आजोबा किंवा काका लिहीत असतील तर तो शोभतो. सात वर्षांनी मोठ्या ताईनं तसं लिहिलं तर सोनूला वाटेल की हे कुणीतरी सांगून लिहून घेतलंय. 'प्रिय सोनू' पुरेसं आहे. घरात हाक मारता तेच नाव घाला. वर उजवीकडे गाव आणि तारीख लिहा, काही वर्षांनी तारखेचं मोल कळतं. शेवटी 'तुझी ताई' किंवा 'तुझा दादा'.

'केले, सांगितले, असे' लिहायचं की 'केलं, सांगितलं, असं'? शाळेत आपण एकारान्त रूपं शिकलो आणि औपचारिक लेखनात तीच योग्य. घरच्या पत्रात मात्र बोलतो तसं लिहावं, कारण वाचताना त्याच्या कानात ताईचा आवाज यायला हवा. एकच पाळा, दोन्हीची सरमिसळ करू नका. निम्मं पत्र 'मी तुला सांगितले' आणि निम्मं 'मी तुला सांगितलं' असं झालं की वाचणारा अडखळतो. मेसेजमधला 'लई' ठेवायचा की नाही? घरात म्हणत असाल तर एखाद्या ठिकाणी ठेवा.

सुरुवात करताना हात आपोआप 'आयुष्याच्या नव्या वळणावर', 'स्वप्नांच्या दिशेनं झेप' अशा शब्दांकडे जातो. निरोप समारंभाच्या भाषणातलं ते वाक्य आहे. ते पाहिलं की सोनू पुढचं पत्र नुसतं चाळेल. घरातली एखादी छोटी बातमी लिहून सुरुवात करा. जुनी माणसं 'इकडील सर्व क्षेम' लिहायची त्यामागेही तेच होतं : आधी घरचं कळू दे, जीव भांड्यात पडू दे, मग पुढचं.

लांबी वहीचं एक पान, पाठपोट. तीनशे-चारशे शब्द होतात. त्याहून जास्त होत असेल तर सल्ले परत शिरलेत का ते बघा.

झालेलं पत्र

लातूर
२० जुलै

प्रिय सोनू,

घरी सगळे बरे आहेत. आजीनं तुझ्या खाटेवर दळणाचे डबे मांडलेत आणि तू आलास की उचलू म्हणते, तेव्हा दिवाळीत आधी डबे उचलायची तयारी ठेव.

तू निघालास तेव्हा एक सांगायचं राहिलं. मी नांदेडला गेले तेव्हा पहिला महिनाभर मला रडू यायचं. रोज नाही, रविवारी संध्याकाळी. मेस बंद असायची, खोलीतल्या दोघी गावाला गेलेल्या असायच्या आणि एकटीनं बाहेर जेवायला जायचं अगदी जिवावर यायचं. घरी फोनवर मी 'मजेत आहे' एवढंच सांगायचे. मग एका रविवारी समोरच्या खोलीतल्या मुलीला विचारलं, तू आज जेवायला कुठं जाणार? ती कुठंच जाणार नव्हती. त्या रात्री आम्ही दोघींनी मिळून पोहे केले आणि पुढं दर रविवारी काही ना काही करत राहिलो.

तुलाही तसं वाटेलच असं नाही. वाटलं तर तुझ्यात काही कमी आहे म्हणून वाटतंय असं समजू नकोस. ताईलाही वाटायचं आणि ती आता लातूरला एकटी राहते.

तुला आठवतं का, तू आठवीत असताना आई दवाखान्यात होती आणि तू तीन दिवस आजीला रांधून घातलंस? पहिल्या दिवशी पिठल्यात गुठळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तू काकूंकडे जाऊन विचारून आलास, बेसन आधी पाण्यात कालवायचं का म्हणून. तिसऱ्या दिवशी आजीनं दुसऱ्यांदा मागून घेतलं. हे मला आजीनंच सांगितलं, तू कधी बोलला नाहीस. येत नसलेलं विचारायची तुला लाज वाटत नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी पुष्कळ काही येणार नाही. इंग्रजीतलं शिकवणं डोक्यावरून जाईल, जर्नल कशी लिहायची कळणार नाही. तेव्हा काकूंच्या दारात गेलास तसाच सरांकडे जा.

दर रविवारी रात्री नऊला मी फोन करीन. उचलला नाहीस तर बाहेर मित्रांबरोबर आहेस असं समजून बरं वाटेल. पैशाची अडचण आली तर मला कळव, कशाला ते विचारणार नाही.

पुण्यातलं मला काही माहीत नाही, ते तूच सांग. तुमच्या मेसला रविवारी फीस्टमध्ये काय असतं?

तुझी
ताई

ता. क. सोबत शेंगाची चटणी दिलीय. ओला चमचा घालू नकोस, महिनाभर टिकेल.

पाठवण्याआधी आणि नंतर

पत्र एकदा मोठ्यानं वाचा. जिथं आपलाच आवाज भाषण केल्यासारखा चढतो तिथलं वाक्य बदला. वरच्या पत्रात 'ताईलाही वाटायचं' हे वाक्य पहिल्या खर्ड्यात 'प्रत्येकालाच या प्रसंगातून जावं लागतं' असं होतं. वाचताना ते ताईचं वाटेना, म्हणून बदललं. आता आज्ञा पुन्हा मोजा. डब्यांची थट्टा सोडली तर सरांकडे जा, पैशाचं कळव आणि ओला चमचा घालू नकोस, एवढ्याच उरल्यात. 'समजू नकोस' आणि 'तूच सांग' याही आज्ञाच, पण त्यांचा भार होत नाही.

शक्यतो हातानं लिहा. अक्षर वाईट असलं तरी चालतं. टाइप करून पाठवलेलं पत्र शंभर फॉरवर्डच्या गर्दीत वर सरकून जातं आणि हवं तेव्हा सापडत नाही. हातानं लिहिणं अगदीच शक्य नसेल तर निदान वेगळी फाइल करून पाठवा.

पहिल्याच दिवशी देऊ नका. पहिल्या आठवड्यात नवेपणाचा उत्साह असतो, प्रवेशाची कागदपत्रं, आयकार्ड, बस पास यांची धावपळ असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नवलाई ओसरते आणि घरचं काहीतरी हातात यावंसं वाटतं. गावाहून कुणी पुण्याला जाणार असेल तर त्याच्याबरोबर खाऊच्या डब्यात घालून पाठवणं सगळ्यात उत्तम, डबा उघडला की पत्र सापडतंच. पोस्टानं पाठवत असाल तर खोली क्रमांक, घरमालकाचं किंवा हॉस्टेलचं नाव, जवळची खूण, पिनकोड आणि मुलाचा मोबाइल नंबर पाकिटावर लिहा. कॉट बेसिसच्या घरांना पोस्टमन ओळखत नाही आणि नुसत्या नावावर पत्र परत येतं.

त्याचं उत्तर बहुधा 'मिळालं ताई' एवढंच येईल. कसं वाटलं म्हणून खोदून विचारू नका, आणि पत्रातल्या गोष्टी फोनवर पुन्हा सांगू नका. रविवारी नऊला मात्र फोन करा आणि फीस्टला काय होतं ते विचारा.